शेऱ्याला उत्तर मिळालं, की नुसता शब्द बदलला? दुसरा मसुदा पडताळून नोंद कशी ठेवावी

दुसरा मसुदा हातात आला की तपासणाऱ्याची नजर आधी बदल शोधते. पहिल्या वेळी जिथे शेरा लिहिला होता तिथे काहीतरी हललेलं दिसलं, की मनातल्या मनात बरोबरची खूण होते आणि पान उलटतं. घोडं पेंड खातं ते इथेच. मजकूर बदलला का, हा एक प्रश्न आहे आणि शेऱ्यात जे मागितलं होतं ते मिळालं का, हा वेगळा. पहिल्याचं उत्तर संगणक क्षणात देतो. दुसऱ्याचं उत्तर वाचूनच मिळतं, आणि ते नीट लिहून ठेवलं नाही तर आठवड्याभराने स्वतःचाच निर्णय आपल्याला समजावून सांगता येत नाही.

पद्धत कळण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. एका विद्यार्थ्याचा प्रकल्प अहवाल आहे. त्याने ४० विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली आहे आणि विषय आहे रात्रीचा मोबाइल वापर आणि झोप. पहिल्या मसुद्यावर तपासणाऱ्याने सहा शेरे लिहिले होते:

१. "प्रश्न ४ मध्ये 'तुम्ही रात्री मोबाइल जास्त वापरता का?' असं विचारलं आहे. जास्त म्हणजे किती?"

२. "तक्ता २ ची बेरीज ३८ येते, ४० नाही. टक्केवारीही पुन्हा पाहा."

३. "४० जणांवरून सगळ्या तरुणांबद्दल बोलता येणार नाही. शिवाय दोन गोष्टींचा संबंध दिसला म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही. झोप येत नाही म्हणून मोबाइल हातात घेतला जातो, हेही शक्य आहे."

४. "परिच्छेद २ आणि ५ मध्ये तेच आहे. एक काढा."

५. "मांडणी सैल आहे."

६. "वयोगटानुसार निकाल वेगळे दाखवा."

दुसरा मसुदा उघडण्याआधी शेरे फोडा

पहिलं काम जुन्या शेऱ्यांवरच करायचं आहे, नव्या मसुद्यावर नाही. एका शेऱ्यात अनेकदा दोन-तीन मागण्या गुंफलेल्या असतात. तसाच ठेवला तर विद्यार्थी त्यातली सर्वांत सोपी मागणी पुरी करतो आणि तपासणारा अख्ख्या शेऱ्यावर बरोबरची खूण करून मोकळा होतो. म्हणून प्रत्येक मागणी सुटी करून तिला क्रमांक द्यावा. आपल्या उदाहरणात शेरा २ चे दोन भाग होतात: २अ म्हणजे बेरीज आणि २आ म्हणजे टक्केवारी. शेरा ३ चे तीन होतात: ३अ, निष्कर्ष किती जणांना लागू आहे, ३आ, संबंध आणि कारण यांतला फरक, ३इ, उलट दिशेची शक्यता. बाकीचे चार एकेरी आहेत. म्हणजे शेरे सहा, पण तपासायच्या मागण्या नऊ.

आता प्रत्येक मागणीपुढे एक वाक्य लिहा: मसुद्यात काय दिसलं म्हणजे हे झालं असं मानायचं? ही कसोटी नवा मसुदा उघडण्याआधीच लिहायची. कारण साधं आहे. समोर केलेली दुरुस्ती पाहिल्यावर आपण नकळत तिच्या मापाची कसोटी बेततो आणि 'चला, काहीतरी केलंय' इथवर उतरतो.

३आ ची कसोटी अशी लिहिता येईल: "शीर्षक, सारांश, चर्चा आणि निष्कर्ष या चारही ठिकाणी 'मोबाइलमुळे झोप बिघडते' या अर्थाचं विधान राहिलेलं नाही, संबंध दिसला एवढंच म्हटलं आहे." यात जागा मोजून सांगितल्या आहेत हे लक्षात घ्या. शेरा समासात एका ठिकाणी असतो, पण दोष लेखभर पसरलेला असतो. निष्कर्षापुढे लिहिलेला शेरा वाचून विद्यार्थी निष्कर्षच दुरुस्त करतो आणि सारांशातलं तेच वाक्य जसंच्या तसं राहून जातं.

शेरा १ ची कसोटी लिहिताना जरा थांबावं लागतं. प्रश्नावली भरून झाली आहे. 'जास्त' म्हणजे किती हे तेव्हा विचारलं नव्हतं, आणि आता लिखाण सुधारून ती माहिती निर्माण होणार नाही. मग उत्तर म्हणून काय चालेल? तीनच गोष्टी: मर्यादा सांगितली नव्हती आणि म्हणून प्रत्येकाने आपापल्या समजुतीने उत्तर दिलं हे अहवालात कबूल करणं, प्रश्न ४ वर उभे केलेले निष्कर्ष काढून टाकणं, किंवा प्रश्न सुधारून नव्याने माहिती गोळा करणं. जी गोष्ट आता करताच येणार नाही ती मागणारे शेरे प्रत्येक तपासणीत निघतात. त्यांची कसोटी आधी ठरवली नाही, तर पुढे काय घोटाळा होतो ते खाली येईलच.

शेरा ५ पुढे कसोटी लिहिता येत नाही. 'मांडणी सैल' म्हणजे नेमकं कुठे, आणि घट्ट झाली हे कशावरून ओळखायचं? कसोटी सुचत नसेल तर तो दोष शेऱ्याचा आहे, विद्यार्थ्याचा नाही. अशा मागणीपुढे 'पडताळता येत नाही' असं लिहून ठेवा आणि तिच्यावरून विद्यार्थ्याच्या विरुद्ध काहीही नोंदवू नका. तपासणाऱ्याला हे लिहिताना अवघड वाटतं खरं, पण दोन-तीन वेळा स्वतःच्या नोंदीत हे शब्द दिसले की पुढच्या वेळचे शेरे आपोआप नेमके होतात.

एकदा कोरं वाचन

नवा मसुदा आला की पहिल्या वाचनात जुने शेरे बाजूला ठेवा. हा लेख पहिल्यांदाच समोर आला आहे असं समजून तो सलग वाचा, आणि गुण द्यायचे असतील तर निकषांप्रमाणे कच्चे गुण पेन्सिलीने मांडून ठेवा. शेरे हातात घेऊनच वाचायला बसलं की नजर फक्त त्या सहा जागांवर थबकते आणि मधला मजकूर न वाचताच मागे पडतो.

या कोऱ्या वाचनात नवे दोष सापडतील. त्यांतले काही पहिल्या मसुद्यातही असतील आणि तेव्हा तुमच्या नजरेतून सुटले असतील. अशा दोषाची नोंद 'पहिल्या वेळी सुटलेला' अशी वेगळी करावी. मसुद्याच्या दर्जात तो धरायचाच, पण 'सांगूनही सुधारलं नाही' या खात्यात तो कधीही जाता कामा नये. विद्यार्थ्याला जे सांगितलंच नव्हतं त्याचा जाब त्याला विचारता येत नाही.

शेऱ्याकडून जागेकडे

आता नोंदीचा तक्ता उघडून एकेक मागणी घ्या आणि तिची जागा नव्या मसुद्यात शोधा. विद्यार्थ्याने सोबत उत्तरांचं टिपण दिलं असेल तर ते वाचा, पण पुरावा म्हणून धरू नका. 'सुचवल्याप्रमाणे बदल केला आहे' हा दावा झाला. पुरावा मसुद्यातच असतो. ऑनलाइन दस्तऐवजातल्या `Resolve` बटणाचंही तेच. ते विद्यार्थीही दाबू शकतो, आणि दाबल्यावर शेरा नजरेआड होतो एवढाच त्याचा अर्थ. म्हणून शेऱ्यांसकट पहिला मसुदा वेगळ्या प्रतीत जपून ठेवलेला असावा, जिला नंतर कुणाचाही हात लागणार नाही.

निकालासाठी शब्द थोडे आणि ठरलेले असावेत. हे सहा पुरतात:

- पूर्ण: कसोटी सगळ्या जागी उतरली.
- अंशतः: निदान एका जागी उतरली, सगळ्या नाही.
- वरवर: मजकूर बदलला, पण कसोटी एकाही जागी उतरली नाही.
- नाही: काहीच हललेलं नाही.
- सकारण नकार: विद्यार्थ्याने कारण देऊन बदल केला नाही, पुढे 'मान्य' किंवा 'अमान्य' लिहायचं.
- पडताळता येत नाही: शेराच मोघम होता.

यातली 'अंशतः' आणि 'वरवर' यांमधली रेघ सर्वांत महत्त्वाची, कारण वाद तिथेच होतात. ती तपासणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये. निदान एक जागा पास झाली का, एवढाच प्रश्न विचारावा.

आता उदाहरणातली ३आ पाहू. पहिल्या मसुद्यात निष्कर्षात वाक्य होतं: "मोबाइलमुळे तरुणांची झोप बिघडते हे सिद्ध झाले." दुसऱ्या मसुद्यात ते असं झालं: "मोबाइलमुळे या ४० विद्यार्थ्यांची झोप बिघडते असे सूचित होते." वाक्य नरमलं आहे, विनयशील झालं आहे आणि चटकन वाचताना समाधान देऊन जातं. पण 'मुळे' तसंच आहे. आधी कारण ठामपणे सांगितलं होतं, आता तेच हळू आवाजात सांगितलं आहे, इतकाच फरक. मागणी ठामपणा कमी करण्याची नव्हती, दाव्याचा प्रकार बदलण्याची होती. कसोटीला उतरणारं वाक्य असं असतं: "या ४० विद्यार्थ्यांमध्ये रात्री मोबाइल जास्त वापरतो असे सांगणाऱ्यांनी झोप अपुरी असल्याचेही अधिक वेळा सांगितले." इथे कोण कशामुळे, हे वाक्य बोलतच नाही.

लेस्टर फेग्ली आणि स्टीफन विट या अभ्यासकांनी १९८१ मध्ये लेखनातल्या बदलांची एक विभागणी मांडली. शब्दरूप, विरामचिन्हं, समानार्थी शब्द असे अर्थ न हलवणारे बदल एका बाजूला, आणि मजकुराचा अर्थ बदलणारे दुसऱ्या बाजूला. अर्थ बदलणाऱ्यांतही त्यांनी दोन थर केले: तपशिलापुरते बदल, आणि लेखाचा सारांशच बदलून टाकणारे बदल. तपासणाऱ्याला यातून एक झटपट चाचणी मिळते. दोन्ही मसुद्यांतल्या त्या भागाचा सारांश एकेका वाक्यात स्वतःच्या शब्दांत लिहा. आशयावरच्या शेऱ्यानंतरही दोन्ही वाक्यं तीच येत असतील तर दुरुस्ती वरवरची आहे. ३आ ला ही चाचणी लावली, तर दोन्ही वेळा 'मोबाइल झोप बिघडवतो' हेच येतं. शुद्धलेखनाच्या किंवा बेरजेच्या शेऱ्याला मात्र ही चाचणी लावू नका, तिथे सारांश बदलणं अपेक्षितच नसतं.

३अ मध्ये चर्चा आणि निष्कर्ष या दोन ठिकाणी "या ४० विद्यार्थ्यांमध्ये" आलं आहे, पण सारांशात अजून "तरुणांची झोप" आहे. म्हणून अंशतः. ३इ बद्दल मसुद्यात चकार शब्द नाही. म्हणून नाही. शेरा न फोडता तपासला असता तर निष्कर्षातलं ते एक नरम वाक्य पाहून तिन्हींवर बरोबरची खूण पडली असती.

शेरा १ वर दुसऱ्या मसुद्यात नवीन ओळ आली आहे: "जास्त म्हणजे रात्री दोन तासांपेक्षा अधिक." विचारलं होतं किती, उत्तर आलं दोन तास, वाचायला चोख. पण परिशिष्टातली प्रश्नावली काढून पाहिली तर प्रश्न ४ जसा होता तसाच आहे, त्यात दोन तास कुठेही नाहीत. उत्तर देणाऱ्यांना जी मर्यादा माहीतच नव्हती ती नंतर त्यांच्या उत्तरांवर चिकटवली आहे. अहवाल सुधारायच्या ऐवजी आता त्यात न घडलेली गोष्ट आली. पहिल्या मसुद्यात माहिती अपुरी होती, दुसऱ्यात ती चुकीची झाली. 'वरवर' या निकालाबरोबर इथे 'नवा दोष' अशी वेगळी नोंद लागते. ज्या शेऱ्याचं खरं उत्तर 'ते आता करता येणार नाही' असं आहे, त्यावर फार व्यवस्थित उत्तर आलं असेल तर मूळ साधन, म्हणजे प्रश्नावली, मोजमापाची वही किंवा कच्ची माहिती, काढून पाहिल्याशिवाय 'पूर्ण' लिहू नये.

तक्ता २ कडे वळू. पहिल्या मसुद्यात १७, १२ आणि ९ असे तीन गट होते आणि त्यांपुढे ४२.५, ३० आणि २२.५ टक्के. हे ४० ने भागून आलेले आकडे. त्यांची बेरीज ९५ होते. दुसऱ्या मसुद्यात 'उत्तर दिले नाही: २' अशी ओळ वाढली आहे आणि टक्के ३८ वर काढले आहेत: ४४.७, ३१.६, २३.७. बेरीज १००, आणि 'टक्केवारी उत्तर देणाऱ्या ३८ जणांवर' अशी तळटीपही आहे. २अ पूर्ण. पण चर्चेत अजून "४२.५ टक्के विद्यार्थी" आहेत. आकडा तक्त्यात सुधारला आणि गद्यात राहून गेला. म्हणून २आ अंशतः.

असे राहून गेलेले आकडे डोळ्यांनी शोधत बसू नका, जुना आकडा शोधपट्टीत टाका. मराठी मजकुरात एक खाच आहे: काही ठिकाणी ४२.५ असतं आणि काही ठिकाणी तेच इंग्रजी अंकांत 42.5, म्हणून शोध दोनदा घ्यावा. शब्दांसाठी पूर्ण शब्दाऐवजी त्याचा तुकडा शोधा. 'मुळे' टाकलं की 'मोबाइलमुळे', 'वापरामुळे', 'त्यामुळे' सगळं सापडतं. त्यातली 'त्यामुळे' बरीचशी निरुपद्रवी निघतात, ती सोडून द्यायची. मजकूर युनिकोडमध्ये नसून जुन्या फाँटमध्ये टंकलेला असेल तर शोध काहीच दाखवणार नाही. 'सापडलं नाही' याचा अर्थ तिथे 'नाहीच आहे' असा होत नाही. आधी मसुद्यात डोळ्यांसमोर असलेला एखादा शब्द शोधून पाहा. तोही सापडला नाही तर कारण कळेल.

शेरा ६ वर विद्यार्थ्याने टिपणात लिहिलं आहे: सगळे विद्यार्थी १८ ते १९ वर्षांचे आहेत, म्हणून वयोगट पाडता येत नाहीत. अहवालातला तक्ता १ तेच सांगतो. तर शेराच गैरलागू होता. सकारण नकार, मान्य. काही तपासनीस इथे 'नाही' लिहून मोकळे होतात, कारण बदल दिसत नाही. कारण पटतं का आणि ते मसुद्यातल्या माहितीशी जुळतं का, एवढंच बघायचं. पटलं नाही तर 'अमान्य' लिहून का, ते एका ओळीत द्यायचं.

आता तुलना, पण वेगळ्या कामासाठी

दोन मसुद्यांची यांत्रिक तुलना सर्वांत शेवटी करावी. ती शेऱ्यांची उत्तरं शोधायला नव्हे, तर कुणी न मागितलेले बदल पकडायला वापरायची. वर्डमध्ये `Review` मधून `Compare` निवडा आणि `More` खाली `Formatting` वरची खूण काढा. ती राहिली तर फाँट आणि समासांच्या बदलांनी पान रंगून जातं आणि खरा बदल त्यात हरवतो. गूगल डॉक्समध्ये `Tools` खाली `Compare documents` आहे, लिब्रेऑफिसमध्ये `Edit` मधल्या `Track Changes` खाली `Compare Document`. साध्या मजकुराच्या फाइल असतील आणि संगणकावर गिट असेल तर एक ओळ पुरते:

```
git diff --no-index --word-diff masuda1.txt masuda2.txt
```

स्कॅन केलेल्या पानांवर यातलं काही चालत नाही; तिथे दोन्ही प्रती शेजारी ठेवून परिच्छेदांच्या पहिल्या ओळी जुळवाव्या लागतात.

उदाहरणात तुलनेने एक मोठी गोष्ट पकडली. शेरा ४ प्रमाणे परिच्छेद ५ काढला आहे, पुनरावृत्ती गेली, निकाल पूर्ण. पण काढलेल्या परिच्छेदात एक वाक्य असं होतं जे दुसरीकडे कुठेच नव्हतं: हे ४० विद्यार्थी कसे निवडले. तेही त्याच्याबरोबर गेलं. नव्या मसुद्यात निवडीची पद्धत उरलीच नाही, आणि फक्त नवा मसुदा वाचणाऱ्याला तिथे काही होतं याचा पत्ताही लागत नाही. म्हणून काढून टाकलेला मजकूर एकदा मुद्दाम वाचावा. अवघड शेऱ्यातून सुटण्याचा सर्वांत सोपा मार्गही तोच असतो: आक्षेप असलेलं वाक्यच उडवायचं. दावा गरजेचा नव्हता तर ते चालेल. पण त्या दाव्यावर पुढचा युक्तिवाद उभा असेल तर पाया काढून भिंत तशीच ठेवल्यासारखं होतं, आणि तो 'वरवर' ठरतो.

नोंद कशी लिहावी

पूर्ण झालेली नोंद अशी दिसते. कसोटीचा रकाना इथे जागेअभावी गाळला आहे, तुमच्या तक्त्यात तो हवाच.

| मागणी | निकाल | कुठे आणि काय दिसलं |
|---|---|---|
| १ | वरवर | पद्धत, "प्रश्नावलीत एकूण…": "दोन तासांपेक्षा अधिक" जोडलं, परिशिष्टातील प्रश्न ४ मध्ये ही मर्यादा नाही. नवा दोष: न१ |
| २अ | पूर्ण | तक्ता २: "उत्तर दिले नाही: २", बेरीज ४० |
| २आ | अंशतः | तक्त्यात ३८ वर टक्के. चर्चा, "तक्ता २ वरून…": ४२.५ कायम |
| ३अ | अंशतः | चर्चा, निष्कर्ष: "४० विद्यार्थी", सारांश: "तरुणांची" कायम |
| ३आ | वरवर | शीर्षक, सारांश, चर्चा, निष्कर्ष: "मोबाइलमुळे" कायम, निष्कर्षात फक्त क्रियापद बदललं |
| ३इ | नाही | उलट दिशेचा उल्लेख कुठेही नाही |
| ४ | पूर्ण | जुना परिच्छेद ५ काढला. नवा दोष: न२, निवडीची पद्धत गेली |
| ५ | पडताळता येत नाही | शेऱ्यात जागा आणि कसोटी नाही |
| ६ | सकारण नकार, मान्य | सर्व १८–१९ वर्षांचे. तक्ता १ शी जुळतं |

जागा पानाच्या क्रमांकाने देऊ नका. दोन ओळी वाढल्या की पानं सरकतात आणि नोंद निरुपयोगी होते. विभागाचं नाव आणि परिच्छेदाचे पहिले दोन-तीन शब्द द्या, ते बराच काळ टिकतात.

तिसऱ्या रकान्यात दिसलेलं लिहायचं, ताडलेलं नाही. 'दुर्लक्ष केलं', 'समजलंच नाही', 'घाईत केलंय' ही वाक्यं माणसाच्या मनाविषयी आहेत आणि मन तुम्ही पाहिलेलं नाही. '"मोबाइलमुळे" कायम' हे कुणीही उघडून तपासू शकतं. 'सुधारणा समाधानकारक' हेही तितकंच निरुपयोगी; कशावरून, याचं उत्तर त्यात नसतं. 'पूर्ण' लिहितानासुद्धा पुरावा द्या. आळस बहुतेक तिथेच होतो, कारण पूर्ण झालेल्या गोष्टीबद्दल कुणी विचारणार नाही असं वाटतं.

एक बारीक प्रकार वेगळा नोंदवण्यासारखा आहे. तपासणाऱ्याने शेऱ्यातच तयार वाक्य दिलं असेल आणि विद्यार्थ्याने ते शब्दशः उतरवलं असेल तर मागणी पूर्ण झाली, पण शब्द तुमचे आहेत. 'पूर्ण (शब्द तपासनीसाचे)' असं लिहा. मुद्दा कळला का, हे त्या जागी कळणार नाही. तोच दोष लेखात जिथे आहे पण जिथे शेरा लिहिला नव्हता, अशी एखादी जागा पाहा. तिथेही सुधारणा झाली असेल तर कळलं आहे असं म्हणायला आधार मिळतो.

नोंद आणि गुण यांची सरमिसळ

नऊपैकी दोन पूर्ण, दोन अंशतः, दोन वरवर, एक नाही, एक मान्य नकार, एक पडताळता न येणारी. ही मोजणी दिसली की हात शिवशिवतात आणि 'नऊपैकी दोन म्हणजे २२ टक्के' असं गणित मांडलं जातं. ते चुकीचं आहे, कारण मागण्या सारख्या वजनाच्या नाहीत. २अ ही बेरीज आहे, ३आ वर अख्खा अहवाल उभा आहे. शिवाय पडताळता न येणारी मागणी आणि मान्य झालेला नकार भाजकात धरायचेच नसतात.

गुण मसुद्याला, म्हणजे आज जे समोर आहे त्याला, ठरलेल्या निकषांवर द्यायचे. कारणाचा दावा अजून तसाच आहे, तर 'पुरावा आणि निष्कर्ष' या निकषात गुण जातील. 'सांगूनही केलं नाही' म्हणून त्याच गोष्टीचे आणखी गुण कापले तर एका दोषाला दोनदा दंड होतो. गुणांकनात 'अभिप्रायाला प्रतिसाद' असा स्वतंत्र निकष आधीपासून जाहीर असेल, तरच नोंदीतून गुण काढावेत, आणि तेव्हा प्रत्येक मागणी मोठी की किरकोळ हे पहिला मसुदा परत देतानाच ठरवून सांगितलेलं असावं. आता कोऱ्या वाचनातले पेन्सिलीचे गुण काढा आणि नोंदीशी ताडून पाहा. नोंदीमुळे काही नवं उघडकीला आलं असेल, जसं न१ मधली न विचारलेली मर्यादा, तर त्या निकषाचे गुण बदला आणि बदलाचं कारण एका ओळीत लिहा. काही नवं नसेल, तर फक्त राग आला म्हणून ते हलवू नका.

दुसरी नजर आणि तिसरा मसुदा

दोन तपासनीस असतील तर कसोट्या दोघांनी मिळून ठरवाव्यात, पण निकाल एकमेकांचे न पाहता लिहावेत. मग फक्त जिथे फरक आहे तिथे बोलावं. फरक बहुधा ३आ सारख्या जागी निघतो: एकाने 'अंशतः' लिहिलेलं असतं, कारण सूर नरमला, आणि दुसऱ्याने 'वरवर'. इथे कसोटीचं वाक्य मोठ्याने वाचायचं आणि पास झालेली एक तरी जागा दाखवा म्हणायचं. दाखवता आली नाही तर 'वरवर'. एकमत झाल्यावर मूळचे दोन निकाल खोडू नका. दोन्ही, एकमताचा निकाल आणि तारीख असं सगळं राहू द्या. पुढे कुणी गुणांची फेरतपासणी मागितली तर तोच रकाना उपयोगी पडतो.

विद्यार्थ्याकडे अख्खा तक्ता पाठवण्याची गरज नाही. उरलेल्या मागण्या आणि नवे दोष, तेही वजनाच्या क्रमाने: आधी ३आ, मग न१, मग न२, आणि बाकीचे खाली. शेरा ५ साठी आता नेमकं वाक्य लिहून द्यावं, उदाहरणार्थ "चर्चेतला पहिला परिच्छेद तक्ता ३ बद्दल आहे आणि दुसरा पुन्हा तक्ता २ कडे जातो, तक्त्यांच्या क्रमाने लावा", आणि त्याला ५ न म्हणता नवा क्रमांक द्यावा, कारण ही मागणी आज पहिल्यांदा केली जाते आहे. बाकी जुने क्रमांक बदलायचे नाहीत. तिसऱ्या मसुद्यातही ३आ ही ३आच राहील, तिची कसोटी तीच राहील, आणि तिच्या ओळीत तिसऱ्या मसुद्याच्या निकालासाठी एक रकाना वाढेल.